उभी बाराखडी

बाराखडी ही म्हणण्याची गोष्ट आहे, असे आपण सगळेच मानीत आलो आहोत. 'क, क ला काना का, पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की' हा ठेका ज्याच्या कानात नाही असा शाळेत गेलेला मराठी माणूस सापडायचा नाही. त्या ठेक्याला एक चाल आहे, डुलण्याची सोय आहे, आणि गुरुजींना थोडी विश्रांतीही आहे. वर्गात तीस मुले एका सुरात बाराखडी म्हणू लागली, की बाहेरून जाणाऱ्याला वाटते, शाळा अगदी रंगात आली आहे. आईबापांना वाटते, पोर शिकले. पोरालाही तसेच वाटते. आणि मग त्याच्या हातात साधा 'पेरू' हा शब्द दिला, की गाडे रुतते.

ते कसे रुतते, हे एकदा जवळ बसून पाहण्यासारखे असते. माझ्या दुसरीच्या वर्गातील एक मुलगी बाराखडी म्हणण्यात सगळ्यांच्या पुढे होती. कोणतेही अक्षर सांगा, ती न अडखळता शेवटच्या विसर्गापर्यंत जाऊन पोचायची. तिच्यापुढे मी 'पेरू' लिहिला. तिने 'प' ओळखला, वरची मात्राही पाहिली, आणि तिचे ओठ हलू लागले. प, पा, पि, पी, पु, पू, पे. सातव्या पायरीवर तिला 'पे' सापडला. मग ती 'र' कडे वळली. र, रा, रि, री, रु, रू. सहाव्या पायरीवर 'रू' मिळाला. पण तोवर मागचा 'पे' हातातून निसटला होता, म्हणून ती पुन्हा 'प' च्या पायथ्याशी गेली. दोन अक्षरांच्या फळासाठी बिचारीला वीस जिने चढावे-उतरावे लागले. शेवटी तिने माझ्याकडे पाहून विचारले, "बाई, पुढची ओळ म्हणून दाखवू का?"

त्या मुलीला बाराखडी येत होती, यात शंका नाही. तिला येत नव्हती ती मात्रा. 'एक मात्रा म्हणजे ए' ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. 'पू च्या नंतर पे येतो' एवढेच ठाऊक होते. ज्या माणसाला फक्त रस्ता पाठ आहे, त्याला मधल्याच गावात नेऊन सोडले तर तो जसा गांगरतो, तसे हे होते.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही. भाषाशास्त्राचे नाव मी ऐकून आहे, एवढेच. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, म्हणून काना-मात्रांशी माझा संबंध इतरांहून थोडा जास्त, इतकेच म्हणता येईल. पण हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावर दुसरीच्या मुलांत जी वर्षे गेली, त्यांनी मला बाराखडीकडे आडवे न पाहता उभे पाहायला शिकवले. हा लेख त्या उभ्या बाराखडीविषयी आहे.

भिंतीवरचा जो छापील तक्ता असतो, तो नीट पाहा. खाली खाली उतरत छत्तीस अक्षरे आहेत, क पासून ज्ञ पर्यंत. आडवी बारा घरे आहेत. म्हणजे एकूण ४३२ घरे. २००९ च्या शासननिर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना रीतसर जागा दिली. 'बॅट' आणि 'डॉक्टर' यांची सोय झाली, बाराखडीची चौदाखडी झाली आणि घरे पाचशेच्या वर गेली. ते तूर्त बाजूला ठेवू. जुन्या बारा घरांचाच हिशेब करू. जे मूल तक्ता आडवा पाठ करते, ते ४३२ चित्रे एका माळेत ओवून घेते. जे मूल तक्ता उभा समजून घेते, त्याला छत्तीस अक्षरे आणि अकरा चिन्हे एवढीच पुरतात. बारावे घर तर मूळ अक्षराचेच, त्याला चिन्ह नाही. छत्तीस आणि अकरा मिळून सत्तेचाळीस. कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, यातला सौदा कोणता चांगला.

उभा समजून घ्यायचा म्हणजे काय? क, का, कि, की ही ओळ झाली. मा, का, ला, ना, सा हा रकाना झाला. ओळीत अक्षर तेच राहते आणि चिन्हे बदलतात. रकान्यात चिन्ह तेच राहते आणि अक्षरे बदलतात. ओळ म्हणताना मुलाचे लक्ष चालीवर असते, कारण पुढे काय येणार हे त्याला चालच सांगते. रकान्यात चाल नाही. तिथे प्रत्येक घरी डोळा उघडावाच लागतो. 'काना लागला की तोंड असे उघडते' ही खूण पाच-सहा अक्षरांवर सारखीच पटली, म्हणजे ती मग कुठल्याही अक्षरावर चालते. मूल न शिकवलेल्या अक्षरालाही काना लावून पाहते. तो लावला, की समजावे, काना शिकून झाला.

म्हणून माझ्या वर्गातला तक्ता रिकामा असतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी डाव्या कडेला आठ अक्षरे लिहिते आणि वर सहा चिन्हे. मधली अठ्ठेचाळीस घरे कोरी. आठ अक्षरे कोणती, यालाही महत्त्व आहे. 'क' पासून सुरुवात करायची आपली रूढी आहे, पण मुलाच्या तोंडाला 'क' सोपा नाही. 'क' चा आवाज घशात टिचकीसारखा वाजतो आणि संपतो. त्याला ओढून धरता येत नाही. त्यामुळे मूल 'क' आणि 'आ' हे दोन वेगळे तुकडे म्हणते, त्यांचा सांधा जुळत नाही. 'म', 'स', 'न', 'ल' यांचे तसे नाही. ओठ मिटून 'म्‌म्‌म्‌' असे हवे तितके गुणगुणता येते, आणि तसे गुणगुणताना तोंड उघडले की आपोआप 'मा' होतो. 'स' सापासारखा ओढता येतो. म्हणून माझी पहिली चार अक्षरे म, स, न, ल ही असतात. मग त, ब, र आणि शेवटी क. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे मी सुरुवातीला मुद्दाम वेगळी ठेवते. 'म' बरोबर 'भ' नाही, 'घ' बरोबर 'ध' नाही. चिन्ह शिकताना अक्षराचा गोंधळ मध्ये यायला नको.

चिन्हांचा क्रमही छापील तक्त्याचा नसतो. आधी काना, कारण तो अक्षराच्या मागून येतो आणि ऐकूही मागूनच येतो. मग मात्रा. मग दुसरी वेलांटी. मग काना-मात्रा, कारण ती जुन्या दोघांचीच जोडी असते. मग उकार. पहिली वेलांटी सर्वांत शेवटी. तिची कहाणी पुढे येईलच.

आता खेळ. तो आम्ही अंगणात खेळतो. चार मुले चार अक्षरे होऊन ओळीत उभी राहतात. हातात पाटी, पाटीवर अक्षर. पाचवे मूल चिन्ह होते. काना झालेला मुलगा अक्षराच्या मागच्या बाजूला, म्हणजे वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला, ताठ उभा राहतो. मात्रा झालेली मुलगी अक्षराच्या मागे उभी राहून त्याच्या डोक्यावर हात तिरका धरते. उकार अक्षराच्या पायाशी उकिडवा बसतो. अक्षराने आपला आवाज ओढून धरायचा आणि चिन्हाने त्यात आपला आवाज मिसळायचा. 'म्‌म्‌म्‌' म्हणणाऱ्याजवळ काना गेला की दोघांनी मिळून 'मा' म्हणायचे. मग काना पुढच्याकडे जातो आणि तिथे 'सा' होतो, पुढे 'ना', पुढे 'ला'. ओळ जागच्या जागी उभी आहे आणि चिन्ह चालते आहे. रकाना हा असा पायांनी चालून होतो.

समोर बसलेली मुले वाचणारी. त्यांच्यासाठी नियम एकच. चिन्ह कोणत्या अक्षराकडे जाणार हे आधी ठरलेले नसते. ते मधले घर सोडून उडी मारू शकते, परत मागे येऊ शकते. या उडीत खेळाचा जीव आहे. चिन्ह क्रमाने चालू लागले, की दोन दिवसांत मुले त्यालाही चाल लावतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मुलांना चाल लावण्याची फार हौस असते.

ज्याने तीन वेगवेगळ्या उड्या न अडखळता वाचल्या, त्याने रिकाम्या तक्त्यावर त्या तीन घरांत आपल्या हाताने अक्षरे लिहायची. जे अडखळले, त्या घरात मी पेन्सिलीने एक टिंब देते. मुलांना त्या टिंबांचे काही वाटत नाही, पण माझे सगळे काम ती टिंबे करतात. पंधरा दिवसांनी तक्ता पाहिला की टिंबांचे आकार दिसू लागतात. टिंबे एका ओळीत आडवी पसरली असतील, तर मुलाला ते अक्षरच ओळखत नाही. चिन्हांचा दोष नाही. त्याला पुन्हा 'ब' दाखवावा. टिंबे एका रकान्यात उभी उतरली असतील, तर अक्षरे ठीक आहेत, चिन्ह कच्चे आहे. आणि टिंबे जसजसे उजवीकडे जावे तसतशी दाट होत गेली, का चटकन आणि कु फार वेळाने येत असेल, तर समजावे की मूल अजून मनातल्या मनात बाराखडीच म्हणते आहे. त्याच्या ओठांकडे पाहावे, बोटांकडे पाहावे. बोटाच्या पेरांवर अंगठा सरकत असतो. पेरूवाल्या मुलीचा अंगठा तसाच सरकत होता.

एखादे टिंब मात्र एकटेच कुठेतरी पडलेले असते. ते बहुधा 'रु' च्या घरात असते. इतर सगळ्या अक्षरांना उकार पायाशी लागतो आणि 'र' ला तो कमरेला लागतो. अंगणात उकार झालेला पोरगा 'र' च्या पायाशी बसू लागला, की मी त्याला उठवून 'र' च्या कमरेला धरून उभे करते. मुले हसतात, आणि एकदा हसले की 'रु' विसरत नाही. अशा अपवादांना नियम शोधीत बसू नये. त्यांची ओळख करून द्यावी आणि पुढे जावे.

आता पहिली वेलांटी. तिच्याजवळ शहाणीसुरती मुले अडतात, आणि त्यांचे अडणे अगदी रास्त आहे. बाकीची चिन्हे अक्षराच्या मागे, वर किंवा खाली असतात. हिच्या मनात काय येते कोण जाणे, ही अक्षराच्या पुढे येऊन उभी राहते आणि आवाज मात्र मागून देते. 'कविता' हा शब्द घ्या. त्यात 'क' आणि 'व' यांच्या मध्ये ती उभी आहे. मुलाला शिकवलेले असते की चिन्ह आपल्या मागल्या अक्षराचे असते. काना तसाच, दुसरी वेलांटी तशीच. म्हणून ते मोठ्या विश्वासाने वाचते, 'किवता'. त्याची चूक नाही. ज्या नियमाने ते चालले आहे, त्या नियमाने 'किवता' च बरोबर आहे.

या वेलांटीने लहानांनाच नव्हे, थोरांनाही छळले आहे. अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत 'इ' चे चिन्ह अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे एवढेसे असायचे. पुढे शतकांच्या ओघात लिहिणाऱ्यांच्या हातून ते डावीकडे वळले, लांबत लांबत खाली उतरले आणि अक्षराच्या पुढे दांडी रोवून बसले. विसाव्या शतकात विद्वानांनी तिला परत मागे आणण्याचा घाट घातला. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेसाठी परिषद भरली होती. तिने सुचवले, की पहिली वेलांटीही अक्षराच्या उजवीकडेच लिहावी, फक्त तिची दांडी आखूड ठेवावी. कल्पना मुलांच्या सोयीची होती. पण आखूड दांडी आणि पूर्ण दांडी यांतला फरक डोळ्यांना पटकन दिसेना आणि रूढ हाताला वळण बसेना. थोड्याच वर्षांत ती वेलांटी पुन्हा आपल्या जुन्या जागी गेली. परिषदेला जे साधले नाही, ते दुसरीच्या मुलाने आपसूक करावे अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

आमच्या अंगणात तिच्यासाठी वेगळा नियम आहे. पहिली वेलांटी झालेली मुलगी अक्षराच्या पुढे उभी राहते, पण तोंड अक्षराकडे करून. तिची पाठ मागल्या अक्षराला लागलेली असते, म्हणजे त्याच्याशी तिचे बोलणे नाही. ती आपला हात पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून नेऊन त्याचा पलीकडचा खांदा धरते. लिहितानाही ती वरची कमान तशीच अक्षरावरून जाते ना, तसेच. अक्षराने आधी बोलायचे, तिने नंतर. 'कविता' खेळताना 'क' झालेला पोरगा तिला हाक मारतो, "ए, माझ्याकडे ये." ती पाठमोरीच मान हलवून नाही म्हणते. चारसहा वेळा असे झाले, की 'किवता' बंद होते. पुढे पुस्तकात वाचतानाही मुले वेलांटीच्या कमानीवरून बोट फिरवून ती कोणावर टेकली आहे ते पाहतात. तेवढी सवय लागली की काम झाले.

ऱ्हस्व-दीर्घाचे मात्र मी या खेळात फार मनावर घेत नाही. पहिली आणि दुसरी वेलांटी यांतला फरक कानाने ओळख, असे सात वर्षांच्या मुलाला सांगणे फुकट आहे. मोडी लिहिणाऱ्या आपल्या आजे-पणज्यांनी दोन्हींचे काम एकाच वेलांटीवर भागवले आणि त्यांची पत्रे, दस्तऐवज, हिशेब काही अडले नाहीत. १९६२ साली शासनाने शुद्धलेखनाचे नियम मान्य केले. त्यांप्रमाणे 'आणि', 'नि' असे थोडे अपवाद सोडले, तर शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ लिहायचा. खेळापुरती ही सोय फार चांगली आहे. दुसरी वेलांटी मी शब्दाच्या शेवटी देते: माती, पाटी, काठी. पहिली देते ती शब्दाच्या आरंभी किंवा मध्ये: किडा, मिरची, कविता. डोळ्याला जागेची सवय झाली की निम्मे काम होते. बाकीचे पुढल्या इयत्तांनी करावे.

खेळ कितपत उतरला हे पाहायला मला पुस्तक लागत नाही. आमच्या जिल्ह्याला पाच तालुके आहेत. १९९९ साली १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. त्या पाच तालुक्यांची नावे कोणी बाराखडी शिकवायला मुद्दाम निवडावीत तशी आहेत. मी ती पाच पुठ्ठ्यांवर एस.टी.च्या पाट्यांसारखी लिहून ठेवली आहेत. पहिली पाटी वसमत. तिला काना नाही, मात्रा नाही, सगळी अक्षरे मोकळी. ज्याला अक्षरे येतात, त्याला वसमतच्या गाडीत बसता येते. दुसरी सेनगाव. एक मात्रा आणि एक काना. तिसरी कळमनुरी. तिथे पायाशी उकार आहे आणि शेवटी दुसरी वेलांटी आहे. पेरूवाल्या मुलीला मी ही पाटी दाखवली, तेव्हा ती 'नु' पाशी थांबली. अंगठा पेरावर गेला, पण सरकला नाही. तिने पाटीवरचा उकार बोटाने दाखवला आणि म्हणाली, "हा खाली बसणारा." मग 'कळमनुरी' म्हणून मोकळी झाली. तिला ओळ म्हणावी लागली नाही.

चौथी पाटी औंढा नागनाथ. तिच्यापाशी एक नवी गोष्ट सांगावी लागते. शब्दाच्या आरंभी स्वर आला, की त्याला टेकायला अक्षर नसते, म्हणून तो आपल्या पुऱ्या रूपाने येतो. पण 'औ' नीट पाहिला तर तो 'अ' लाच काना आणि दोन मात्रा लावून झालेला आहे. आ, ओ, औ, अं यांचेही तसेच. ज्याला चिन्हे येतात, त्याला हे स्वर फुकट मिळतात. वेगळ्या चेहऱ्याचे उरतात ते इ, ई, उ, ऊ, ए, ऐ एवढे सहाच. सावरकरांनी लिपिसुधारणेत 'अ' लाच सगळी चिन्हे लावून हे सहाही त्याच घरात आणावेत असे सुचवले होते. ते रूढ झाले नाही. पण त्यामागची दृष्टी उभ्या बाराखडीचीच होती, आणि आमच्या मुलांना ती चटकन कळते. एका पोराने तर 'अ' ला पायाशी उकार लावून मला दाखवला आणि विचारले, "बाई, हा उ का नाही?" मी म्हटले, "तो उ च आहे, पण आपल्या गावात त्याला या कपड्यांत कोणी ओळखत नाही."

पाचवी पाटी हिंगोली. आमच्या जिल्ह्याचे नाव. आणि इथे छापील बाराखडी उघडी पडते. 'गो' तिच्यात आहे, 'ली' आहे, 'हि' आहे, 'हं' आहे. पण 'हिं' नाही. अनुस्वार बाराखडीत फक्त मोकळ्या अक्षरावर बसतो. वेलांटी लागलेल्या, उकार लागलेल्या, मात्रा लागलेल्या अक्षरावर तो बसला तर काय होते, हे ४३२ घरांत कुठेच लिहिलेले नाही. आडवी बाराखडी ज्याला पाठ आहे, तो मुलगा 'हिं' ला 'ह' च्या सगळ्या ओळीत शोधून येतो आणि हात हलवीत परततो. आपल्या जिल्ह्याचे नाव त्याला वाचता येत नाही. चिन्हे शिकलेल्या मुलाला मात्र शोधायचेच नसते. वेलांटीने 'हि' करावा आणि वरच्या टिंबाने तो नाकात न्यावा. अंगणात दोन चिन्हे एका अक्षरापाशी येतात, एक पुढे आणि एक डोक्यावर, एवढेच. तांडा, भांडे, चिंच, हिंगोली, औंढा, पेंढी, मुंगी ही सगळी नावे रोजच्या तोंडची, आणि यांतली जोडअनुस्वाराची घरे कोणत्याच तक्त्यात नाहीत.

हे सगळे एवढ्या घाईने का करावे लागते, ते सांगितले पाहिजे. आमच्या तांड्यावर मुलांची घरची बोली गोरमाटी. शाळेतली मराठी त्यांना आधी ऐकायची असते आणि मग वाचायची. त्यात बरीच कुटुंबे दिवाळी झाली की उसाच्या तोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, म्हणून जाणे टळत नाही. शाळा जूनच्या मध्यावर भरते आणि दिवाळीपर्यंत माझ्या हातात जेमतेम चार महिने पडतात. त्यात पेरणी आहे, सोयाबीनची काढणी आहे, सणवार आहेत. जी मुले आजी-आजोबांपाशी राहतात ती पुन्हा भेटतात. जी आईबापांबरोबर जातात ती चैत्रात भेटतात, कधी वैशाखात. भिंतीवरचा तक्ता बैलगाडीत घालून नेता येत नाही. म्हणून खेळ अंगणात हवा, आणि त्याला साहित्य असे काहीच लागता कामा नये. फडावरच्या कोप्यांपुढे माती असते. मातीत काडीने अक्षर काढले आणि चिन्ह व्हायला एक पोर मिळाले की पुरे.

एका वर्षी असा एक मुलगा पाडव्यानंतर परत आला. मी त्याला सवयीने बाराखडी म्हणायला सांगितली. 'ख' च्या ओळीत तो मध्येच थांबला. पाच महिन्यांत चाल पार विसरली होती. मग मी पाट्या काढल्या. सेनगाव वाचले. कळमनुरी वाचली. हिंगोलीला थोडा थांबला, वेलांटीच्या कमानीवरून बोट फिरवले आणि वाचले. विसरला होता तो 'भ', आणि दोन उकारांतला पहिला कोणता नि दुसरा कोणता हे. ते आठवड्याभरात परत आले. फडावर कोणाबरोबर खेळत होतास, असे विचारले तर म्हणाला, बहिणीबरोबर. बहीण चार वर्षांची. तिला उकार करून तो पायाशी बसवीत असे, कारण ती उभी राहायला कंटाळायची.

सगळ्यांचे असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी गेलेली एक मुलगी परत आली तेव्हा काना आणि मात्रा सोडून तिच्याजवळ काही उरले नव्हते. ती ज्या फडावर होती तिथे तिच्या वयाचे दुसरे पोर नव्हते. धाकटा भाऊ झोळीतला. आई-बाप पहाटे तोडीला जात, आणि ही कोपी राखायची, भाकरी थापायची. एकटीने कोणते अक्षर व्हावे आणि कोणते चिन्ह? या खेळाला निदान दोन तोंडे लागतात, आणि तो जिथे थांबतो ती हीच जागा. यावर अंगणातला कोणताही नियम पुरा पडत नाही. त्या मुलीला मी पुन्हा म, स, न, ल पासून सुरुवात करून दिली. या खेपेला तिला कमी दिवस लागले, कारण एकदा वाट फुटलेली होती. पण पुढची दिवाळी पुन्हा तोंडावर होती.

आता जाणाऱ्या मुलांच्या पाठीवर मी दप्तराबरोबर एक पुठ्ठा देते. एकट्याने खेळता यावा असा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला मध्ये दोन चिरा देऊन त्यांतून दोन पट्ट्या ओवायच्या. डाव्या पट्टीवर आठ अक्षरे, उजव्या पट्टीवर काना, दुसरी वेलांटी, काना-मात्रा अशी मागून लागणारी चिन्हे. पट्ट्या वर-खाली सरकवल्या की मध्ये नवे घर तयार होते. मात्रेसाठी आणि उकारासाठी ही युक्ती चालत नाही, कारण ती चिन्हे शेजारी बसत नाहीत. ती मातीतच काढावी लागतात. पहिल्या वेलांटीची पट्टी अक्षराच्या डावीकडे ओवून पाहिली, तर तिची कमान अक्षरावर पोचत नाही, तुटून दिसते. त्यावर मुलांनीच तोड काढली. वेलांटी करायची झाली, की कागदाच्या वरून आपले बोट कमानीसारखे वाकवून अक्षरावर टेकायचे.

गेल्या दिवाळीपूर्वी पेरूवाल्या मुलीचे घर जायला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी ती पुठ्ठा न्यायला आली. दारात सोयाबीनच्या बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती, पाणी भरायच्या घागरीखाली घालायला आणलेली. ती पिशवीपाशी उकिडवी बसली. पहिल्या अक्षरावर बोट ठेवून तिने वरची मात्रा पाहिली, मागचा काना पाहिला, आणि मग बोट पुढे सरकवीत 'सोयाबीन' असे एका दमात म्हणाली. तिचा अंगठा पेरावर गेला नाही. पुठ्ठा दप्तरात घालून तिने मला विचारले, "बाई, तिकडे उसाच्या गाड्यांवर काय लिहिलेले असते?"

मी म्हटले, "तू वाचून ये आणि मला सांग."